डब्यात स्टीव्हिया किती आणि बाकी काय?

*माझ्या यजमानांना सहा वर्षांपासून मधुमेह आहे. ग्लिमेपिराईड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी चालू आहे. मुलाने स्टीव्हियाचा डबा आणून दिला, त्यावर 'नैसर्गिक' आणि 'एक चमचा साखरेऐवजी एक चमचा' असं लिहिलंय. दोन महिने त्याचाच चहा देते, दोन चमचे घालून, दिवसाला चार वेळा. परवा सकाळी उपाशीपोटी साखर ११८ होती. चहाबरोबर पोदेराकडची दोन काकणं खाल्ली आणि तासाभराने मोजली तर १७६! मग स्टीव्हिया खरंच नैसर्गिक असतं का? त्यात कॅलरी असतात का? त्याने रक्तातली साखर वाढते का? डब्यामागची बारीक अक्षरं उतरवून पाठवते: माल्टोडेक्स्ट्रिन, स्वीटनर (९६०), १०० ग्रॅममध्ये ऊर्जा ३८५ किलोकॅलरी. नणंदेने स्टीव्हियाचं रोपही दिलंय. त्याची पानं घातली तर चालतील का?*

*– एक वाचक, फोंडा*

ताई, बारीक अक्षरं उतरवून पाठवलीत हे फार बरं केलंत. नाहीतर मला 'स्टीव्हियाने साखर वाढत नाही' एवढंच लिहावं लागलं असतं. ते खरं आहे, पण तुमच्या डब्याला ते जेमतेमच लागू पडतं.

आधी स्टीव्हियाचं सांगते, मग डब्याकडे येते.

स्टीव्हियाची गोडी पानातल्या काही द्रव्यांमुळे येते. त्यांना स्टीव्हियॉल ग्लायकोसाइड म्हणतात. तुमच्या डब्यावरचा ९६० हा आकडा त्यांचाच. ही द्रव्यं साखरेच्या साधारण दोनशे ते तीनशे पट गोड असतात. आपण ती खातो तेव्हा पोटात आणि लहान आतड्यात त्यांचं काहीच होत नाही. आपल्याकडे ती तोडणारी पाचकद्रव्यं नाहीत, आणि रेणू एवढा मोठा की तो तसाच्या तसा रक्तात शिरतही नाही. मोठ्या आतड्यात पोचल्यावर तिथले जिवाणू त्याला चिकटलेले ग्लुकोजचे तुकडे काढून स्वतःच खाऊन टाकतात. मागे उरतं ते स्टीव्हियॉल. ते रक्तात जातं, यकृत त्याला बांधून टाकतं आणि ते लघवीवाटे बाहेर पडतं. शरीर त्यातून ऊर्जा काढत नाही. म्हणून कॅलरी शून्य धरतात आणि रक्तातल्या साखरेवरही परिणाम होत नाही.

'रेणूला ग्लुकोज चिकटलेलं असतं' हे वाचून कुणी दचकू नये. एका चहाला लागणारं शुद्ध स्टीव्हिया किती, त्याचा हिशेब करा. दोन सपाट चमचे साखर म्हणजे ८ ग्रॅम. तेवढी गोडी आणायला अडीचशे पट गोड असलेलं द्रव्य लागतं साधारण ३२ मिलीग्रॅम. तांदळाचे एक-दीड दाणे. त्यातल्या ग्लुकोजने साखर वाढायची म्हटली तरी वाढणार किती!

हे माणसांवर तपासूनही पाहिलं आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टाइप २ मधुमेहाच्या १२२ जणांचे दोन गट केले होते. एका गटाला सोळा आठवडे रोज १००० मिलीग्रॅम रेबाउडिओसाइड ए दिलं, दुसऱ्याला तसंच दिसणारं पण औषधी नसलेलं काहीतरी. रेबाउडिओसाइड ए म्हणजे स्टीव्हियातल्या गोड द्रव्यांपैकी चांगल्या चवीचं एक. शेवटी तीन महिन्यांची सरासरी साखर, ज्याला आपण एचबीएवनसी म्हणतो, तिच्यात दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे वाढली नाही, आणि कमीही झाली नाही. दुसरा अर्धा भाग मुद्दाम लिहितेय, कारण 'स्टीव्हिया मधुमेह बरा करतं' म्हणून सांगणारे लोक आपल्या गोव्यात काही कमी नाहीत.

आता तुमचा डबा. तांदळाचे दीड दाणे चमच्याने कसे मोजायचे? मोजता येत नाहीत. म्हणून कंपनी त्यात भरताड घालते, म्हणजे चमचा भरला की साखरेएवढी गोडी येते. तुमच्या डब्यातलं भरताड आहे माल्टोडेक्स्ट्रिन. ही मक्याच्या किंवा टॅपिओकाच्या पिठूळ भागापासून केलेली पांढरी भुकटी. जिभेला ती फारशी गोड लागत नाही, पण आतड्यात गेल्यावर चटकन तुटून तिचं ग्लुकोजच होतं. रक्तातली साखर वाढवण्याचा तिचा वेग नुसत्या ग्लुकोजएवढाच धरा. एका ग्रॅमला चार किलोकॅलरी, साखरेइतक्याच. तुम्ही उतरवलेला ३८५ चा आकडा तिथूनच आलाय. शंभर ग्रॅम साखरेचेही चारशेच्या आतबाहेरच भरतात!

साहित्याच्या यादीत जे सर्वांत जास्त असतं ते आधी लिहितात. तुमच्या यादीत माल्टोडेक्स्ट्रिन पहिलं आहे. डब्याच्या पुढच्या बाजूला पान, मागच्या बाजूला पीठ.

तुमच्या परवाच्या सकाळकडे बघू. अशीच भुकटी मी घरच्या बारीक काट्यावर मोजली होती. हलकी असते, सपाट चमचा अडीच ग्रॅमचा भरला. दोन चमचे म्हणजे ५ ग्रॅम, जवळपास सगळं पिठूळ. चहात अर्धा कप दूध धरलं तर त्यातली दुधाची नैसर्गिक साखर आणखी ५ ग्रॅम. आणि काकणं? आमच्याकडे पोदेर देतो ते एक काकण २४ ग्रॅम भरलं. चांगलं कडक भाजलेलं, पाणी उडून गेलेलं, त्यामुळे त्यातले सतरा-अठरा ग्रॅम तरी पिठूळ पदार्थाचेच. दोन काकणांचे ३५ ग्रॅम. तुमच्याकडची काकणं लहानमोठी असतील, वजन करून बघा.

बेरीज ४५ ग्रॅम. त्यातला डब्याचा वाटा ५. बाकी ४० ग्रॅम दूध आणि काकणांचे.

म्हणजे ११८ वरून १७६ वर उडी गेली ती मुख्यतः काकणांवर बसून. डबा दोषी आहे, पण नवव्या हिश्शाचा. आणि मला खटकतं ते वेगळंच. हाच चहा साखरेचा असता तर बेरीज ४८ झाली असती. मुलाने एवढे पैसे घालून डबा आणला, दोन महिने सगळ्यांनी ती वेगळी चव सोसली, आणि वाचले किती? कपामागे तीन ग्रॅम. एक काकण कमी केलं असतं तर सतरा वाचले असते. दिवसाचे चार चहा धरले तर या डब्यातून २० ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन पोटात जातं, म्हणजे पाच चमचे साखरेएवढं, आणि ते 'साखर बंद केली' या समाधानात.

तेव्हा डबा बदला. दुकानात काय बघायचं ते सांगते. पुढची बाजू वाचूच नका. मागे १०० ग्रॅमचा रकाना असतो, त्यातली ऊर्जा बघा. 'एका मापाला' हा रकाना सोडून द्या, कारण माप एवढंसं असलं की कुठलाही आकडा शून्याजवळ दिसतो. शंभर ग्रॅमला साडेतीनशे-चारशे किलोकॅलरी असतील तर भरताड माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज किंवा लॅक्टोज आहे. डेक्स्ट्रोज म्हणजे सरळसरळ ग्लुकोज, नाव तेवढं वेगळं. ऊर्जा शून्य ते वीसच्या आसपास असेल तर भरताड बहुधा एरिथ्रिटॉलचं. इथे एक फसगत होते. एरिथ्रिटॉलच्या पाकिटावर कर्बोदकं ९९ ग्रॅम असं लिहिलेलं असतं, आणि लोक घाबरून ते परत ठेवतात. एरिथ्रिटॉल कर्बोदकांतच मोजतात, पण ते ग्लुकोज होत नाही, बहुतेक सगळं लघवीतून तसंच निघून जातं. म्हणून आधी ऊर्जेचा आकडा वाचायचा, कर्बोदकांचा नंतर.

एरिथ्रिटॉलवर २०२३ मध्ये एक अभ्यास आला. ज्यांच्या रक्तात ते जास्त आढळलं त्यांच्यात पुढे हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे झटके जास्त दिसले. ते खाल्ल्यामुळेच तसं झालं हे त्यातून सिद्ध होत नाही, कारण आपलं शरीर स्वतःही थोडं एरिथ्रिटॉल बनवतं आणि आजारी माणसात ते वाढलेलं असू शकतं. तरी यजमानांना हृदयाचा त्रास असेल तर मी भुकटीच्या भानगडीत न पडता थेंबांची बाटली घेतली असती. थेंबांत पाणी आणि स्टीव्हियाचा अर्क एवढंच असलं की काम भागतं. चहाला दोन ते चार थेंब, बाटलीगणिक कमीजास्त. एका थेंबाने सुरू करा. जास्त पडलं तर गोडी वाढत नाही, कडवटपणा वाढतो, आणि मग 'स्टीव्हिया कडूच असतं' म्हणून बाटली फ्रीजच्या दारात वर्षभर पडून राहते. आमच्याकडे एक पडली होती.

थेंब घेतल्यावर तुमचा तोच चहा आणि तीच दोन काकणं ४० ग्रॅमची. एकच काकण दिलं तर २३. यजमान कुरकुरतील, पण आकड्यात फरक तिथे दिसेल.

'नैसर्गिक' या शब्दाचं काय करायचं? मला हा शब्द डब्यावर फुकटचा वाटतो. स्टीव्हिया हे शेवंतीच्या कुळातलं झुडूप, मूळचं पराग्वे आणि त्याला लागून असलेल्या ब्राझीलच्या भागातलं. तिथले ग्वारानी लोक त्याची पानं पिढ्यान्‌पिढ्या आपल्या काढ्यात गोडीसाठी घालत आले. १८९९ मध्ये बेर्तोनी या वनस्पतितज्ज्ञाने त्याची शास्त्रीय नोंद केली आणि १९३१ मध्ये दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी त्यातलं गोड द्रव्य वेगळं केलं. म्हणजे गोडी पानातली आहे, कुणी प्रयोगशाळेत शोधलेली नाही. सॅकरिन किंवा अ‍ॅस्पार्टेमपेक्षा ते या अर्थाने वेगळं आहे.

पण डब्यातली पांढरी भुकटी झाडाला लागत नाही. वाळलेली पानं गरम पाण्यात भिजवतात, पाणी गाळतात, त्यातला हिरवा-तपकिरी रंग आणि बाकीचा गाळ खाली बसवतात, मग ते पाणी एका खास राळेतून सोडतात. गोड द्रव्यं राळेला धरून राहतात, ती अल्कोहोलने सोडवून घेतात आणि पुन्हा स्फटिक करून शुद्ध करतात. ९५ टक्क्यांहून शुद्ध झालं की बाजारात येतं. संजीवनी कारखान्यात उसाचं गाळप व्हायचं ते आठवा, तसंच हे. पांढरी साखर जेवढी नैसर्गिक, तेवढंच हे पांढरं स्टीव्हिया नैसर्गिक. शिवाय काही नव्या चांगल्या चवीच्या प्रकारांतलं द्रव्य, रेबाउडिओसाइड एम, पानात इतकं किंचित असतं की ते पानातून काढणं परवडतच नाही. ते यीस्टकडून आंबवून तयार करून घेतात. रेणू तोच, पण पानाचा संबंध नाही.

आणि यजमानांच्या दृष्टीने या शब्दाला अर्थ नाही याचं साधं कारण असं की माडाचा काळा गूळही नैसर्गिकच असतो. मधही. रक्तातली साखर दोघांनीही वाढते. मला पत्रं येतात, 'साखर बंद करून माडाचा गूळ सुरू केला, नैसर्गिक आहे ना?' त्यांच्या रिपोर्टमधले आकडे मात्र जिथल्या तिथे.

किती खाल्लं तर चालतं, हेही विचारणारे असतात, म्हणून तुमच्या घरापुरतं सांगून ठेवते. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००८ मध्ये मर्यादा ठरवली: शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ४ मिलीग्रॅम स्टीव्हियॉल. ७० किलोच्या माणसाला २८० मिलीग्रॅम. पण ही मर्यादा स्टीव्हियॉलची, आणि गोड द्रव्याचा साधारण तिसरा हिस्साच स्टीव्हियॉल असतो. म्हणजे गोड द्रव्य रोज आठशे मिलीग्रॅमपर्यंत. यजमानांचे चार चहा धरले तर १३० च्या आत. काळजीचं कारण नाही. भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये याला परवानगी दिली.

याच जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये 'वजन आटोक्यात ठेवायला साखरेऐवजी अशी गोड द्रव्यं वापरू नका' असा सल्ला दिला, त्यात स्टीव्हियाही होतं. वर्तमानपत्रांत ते वाचून बरेच लोक गोंधळले. त्या सल्ल्यात ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना वगळलेलं होतं. यजमानांना तो लागू नाही. तुमच्या मुलाला आहे. तोही बारीक व्हायला हाच डबा वापरत असेल तर त्याने आधी चहाच्या वेळच्या पोया मोजाव्यात.

रोपाचं सांगते. पानं चालतील, माफक. घरच्या कुंडीतली दोन-चार पानं चहात पडली म्हणून कुणाचं काही बिघडल्याचं माझ्या पाहण्यात नाही. पण वर सांगितलेल्या मर्यादा आणि परवानग्या शुद्ध केलेल्या द्रव्याच्या आहेत, अख्ख्या पानाच्या नाहीत. अमेरिकेच्या अन्न प्रशासनाने अख्खं पान आणि कच्चा अर्क अजून मान्य केलेला नाही. त्यांचं म्हणणं पान विषारी आहे असं नसून, पानात गोड द्रव्याखेरीज जे बाकीचं असतं त्याची माहिती पुरेशी नाही असं आहे. म्हणून रोज चार वेळा मूठभर पानांचा काढा असं करू नका. दिवसातून एखादा चहा पानांचा, बाकी थेंबांचे.

पानाची तऱ्हा अशी. फूल येण्याच्या थोडं आधी, कळी दिसू लागते तेव्हा, गोडी सर्वांत जास्त असते. फुलायला लागलं की ती उतरते. स्टीव्हिया दिवस लहान झाला की फुलणारं झाड आहे, आणि आपल्याकडे दिवस तसा कधीच फार मोठा नसतो, त्यामुळे ते लवकर कळीवर येतं. कळी दिसली की शेंडे खुडायचे, ते सावलीत वाळवायचे आणि बरणीत भरायचे. चहा उकळून गॅस बंद केल्यावर पातेल्यात चिमूटभर चुरा टाकून दोन मिनिटं झाकण ठेवा. पानं चहाबरोबर उकळत ठेवली की कडवटपणा उतरतो आणि मागे ज्येष्ठमधासारखी चव जिभेवर रेंगाळते. ती बऱ्याच जणांना आवडत नाही.

आपल्या पावसात हे रोप जमिनीत टिकवणं कठीण. तांबड्या चिकण मातीत पाणी तुंबलं की मुळं कुजतात. कुंडीत निम्मी वाळू घाला, तळाला भोकं नीट असू द्या, आणि जूनच्या आत कुंडी पागोळीपासून आत, पडवीत घ्या.

आता ज्यासाठी हे उत्तर लांबलं ते सांगते. ग्लिमेपिराईड. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात काही गेलं असो वा नसो. तुम्ही एकदम माल्टोडेक्स्ट्रिन बंद केलंत, काकण एकावर आणलंत आणि गोळी तेवढीच ठेवलीत, तर एखाद्या दिवशी साखर खाली जाऊ शकते. म्हणून खाण्यात हे बदल करण्याआधी डॉक्टरांना कळवा, आणि पहिले दहा-पंधरा दिवस दुपारच्या जेवणाआधी एकदा मोजत जा. गोळी आपल्या मनाने कमी करू नका.

आणि साखर उतरली असताना स्टीव्हिया काहीच कामाचं नाही. हे ऐकायला उघड वाटतं, पण मी घडलेलं पाहिलं आहे. म्हापशाकडचे एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे येत. चवथीच्या दिवसांत आरतीला उशीर झाला, जेवण लांबलं, त्यांना दरदरून घाम सुटला आणि हात थरथरायला लागले. घरच्यांना वाटलं, साखर उतरली, आणि त्यांचं बरोबर होतं. सुनेने लगबगीने बिरंडाचं सरबत दिलं, चांगला मोठा पेला. घरात मधुमेही म्हणून ते सरबत स्टीव्हिया घालून केलेलं होतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, माणूस आणखी घामाघूम. शेवटी धाकट्या नातवाच्या हातातला लाडू कुणीतरी त्यांच्या तोंडात कोंबला. लाडवाने माणूस सावरला खरा, पण तूप-बेसनातली साखर रक्तात चढायला वेळ लागतो आणि तो वेळ सगळ्यांनी श्वास रोखून काढला.

म्हणून तुमच्या घरात खरी साखर संपू देऊ नका. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली दिसलं, किंवा मोजायला वेळ नसून घाम, थरथर, एकदम भूक अशी लक्षणं दिसली, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून द्यायची, साधारण १५ ग्रॅम. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून ७० च्या आत असेल तर पुन्हा तेवढीच. बरं वाटल्यावर जेवण किंवा काहीतरी पोटभर. माणूस गिळू शकत नसेल, शुद्धीवर नसेल, तर तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा. साखरेच्या बरणीवर मोठ्या अक्षरात 'साखर' आणि स्टीव्हियाच्या बाटलीवर 'उतरल्यावर नको' असं लिहून ठेवा. तुम्हाला कळतं, पण तुम्ही घरी नसताना पाहुणे आले तर?

ग्लुकोमीटरबद्दल दोन शब्द. तुमचं १७६ हे एकदाच मोजलेलं आहे. चांगल्या यंत्रातही शंभराच्या वरच्या आकड्यात पंधरा टक्क्यांपर्यंत फरक चालतो असं मानतात. १७६ खरंतर १५५ असू शकतं, १९५ ही. ५८ ची उडी एवढी मोठी आहे की साखर वाढली हे नक्की, पण आठ-दहाच्या फरकावरून 'या डब्याने वाढते, त्या डब्याने नाही' असं ठरवू नका. सुईआधी बोट साबणाने धुऊन कोरडं करा. आंबा किंवा फणस सोललेल्या बोटावर साखर मोजली की यंत्र बोटावरची साखर दाखवतं, रक्तातली नाही. मेच्या महिन्यात असले विचित्र आकडे बरेच येतात.

नवे थेंब खात्रीचे वाटत नसतील तर घरी तपासता येतील. एका सकाळी उपाशीपोटी मोजा, नुसतं पेलाभर पाणी द्या, अर्ध्या तासाने आणि तासाने पुन्हा मोजा. दुसऱ्या सकाळी तेच, फक्त पाण्यात चार थेंब घालून. नुसत्या पाण्याचा दिवस सोडू नका, कारण काहींची साखर सकाळी काही न खाताही वर सरकते, आणि ते खापर थेंबांच्या डोक्यावर फुटतं. गोळी चाचणी संपल्यावर न्याहारीबरोबर द्यायची, आधी नाही. उपाशीपोटीच आकडा नव्वदच्या आत असेल तर त्या दिवशी हा खेळ नको, सरळ न्याहारी वाढा. दोन्ही दिवसांचे आकडे जवळपास सारखे आले तर थेंब ठीक. दूध घालून ही चाचणी करू नका, दुधाची साखर मध्ये येते.

आता चवथ तोंडावर आहे, आणि तुम्ही विचारलं नसलं तरी पुढचं पत्र पातोळ्यांचं येणार हे मला ठाऊक आहे. दरवर्षी येतं. स्टीव्हिया आचेने खराब होत नाही, वाफवण्याने तर नाहीच, त्यामुळे चुनात घालता येतं. पण गूळ चून ओलसर धरून ठेवतो, रंग देतो, वास देतो. थेंबांनी यातलं काहीच होत नाही, नुसत्या ओल्या खोबऱ्याला एक पोकळ गोडी येते. मी अर्धा गूळ आणि उरलेल्या गोडीला दोन-तीन थेंब असं करते. वेलची थोडी जास्त, आणि हळदीचं पान आपलं काम करतंच. दोन मध्यम पातोळ्यांत चाळीस ग्रॅम तांदळाचं पीठ जातं, त्याचे तीसेक ग्रॅम पिठूळ पदार्थ स्टीव्हिया घातलं तरी तिथेच राहतात. यजमानांना दोन पातोळ्या वाढल्यात तर त्या जेवणात शीत अगदी मूठभर वाढा, खतखतं हवं तेवढं.